बाळंतिणीचं वजन : सव्वा महिन्याचा हिशेब आणि वर्षाचा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला विभागाने ठेवलेल्या दुपारच्या कार्यक्रमात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेले हे भाषण. अनेकींनी ते लिखित स्वरूपात मागितले, म्हणून थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



 मागे खुर्च्यांवर चार-पाच पुरुषमंडळी बसली आहेत. तुम्ही उठून जाऊ नका, आजचं बोलणं तुमच्याही कामाचं आहे.

महिला विभागानं मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, बाळंतिणीच्या वजनावर बोलते. फोनवर क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, "बाई, डाएटवर का?" मी म्हटलं, नाही, हिशेबावर. कारण माझ्याकडे बाळाला घेऊन येणाऱ्या दहा मुलींपैकी सात-आठजणी पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न विचारतात. बाळाची लस, टाके, दूध हे सगळं नंतर. आधी, "डॉक्टर, वजन कधी उतरणार?" आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आई किंवा सासूबाई म्हणतात, "अहो, हिला सांगा काहीतरी, खायलाच तयार नाही." दोघींचंही म्हणणं खरं असतं, आणि दोघींचाही हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब आज आपण नीट मांडू.

त्यासाठी मी एक वही घेऊन आले आहे. ही वही आपल्याच गावातल्या एका सूनबाईची आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. सासर इथलं, दांडिया बाजाराच्या बाजूचं, माहेर इंदूरचं. तिला आकडे लिहून ठेवायची सवय, म्हणून गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत तिनं आपलं वजन लिहून ठेवलं. असा सलग हिशेब मिळणं दुर्मीळ असतं.

उंची १५७ सेंटिमीटर. दिवस जाण्याआधी वजन ५६ किलो. आपल्या भारतीयांच्या मापानं हे नीटच, बारीकही नाही आणि जाडही नाही. नववा महिना संपताना वजन ६८.५ किलो. म्हणजे साडेबारा किलो वाढ, तीही अगदी योग्य. बाळ झालं सिझेरियननं, मुलगी, २ किलो ९०० ग्रॅम.

आता हे साडेबारा किलो कशाचे, ते आधी पाहू. इथेच सगळी किल्ली आहे. बाळ २.९ किलो. वार साधारण ६०० ग्रॅम. गर्भजल ८०० ग्रॅम. गर्भाशय, जे एरवी मुठीएवढं असतं, ते वाढून जवळजवळ एक किलोचं होतं. छाती भरते, तिचे अर्धा किलो. अंगातलं रक्त वाढतं, त्याचे सव्वा-दीड किलो. अंगात पाणी साठतं, ते पावणेदोन-दोन किलो. आणि उरलेली साडेतीन किलोच्या आसपास चरबी. ही चरबी म्हणजे बाईच्या जिभेचा दोष नव्हे. पुढे दूध तयार करायचं आहे म्हणून शरीरानं बाजूला टाकलेली ती शिदोरी असते. मांड्यांवर आणि कमरेवर ती साठते ती याच कारणानं.

आता बाळंतपणाच्या दिवशी यातलं काय जातं? बाळ, वार, गर्भजल आणि थोडं रक्त. मिळून पावणेपाच-पाच किलो. बाकीचं सगळं अंगातच राहतं. त्यामुळे बाळ झाल्यावरही पोट पाच-सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसतं. मुली आरशात पाहतात आणि घाबरतात. घाबरू नका, आत किलोभराचं गर्भाशय अजून तसंच आहे.

आता वही पाहा. ६८.५ मधून पावणेपाच गेले म्हणजे ६३.७ यायला हवं होतं. चौथ्या दिवशी घरी जाताना काट्यावर दिसले ६५.२. म्हणजे जवळजवळ तीन किलोचं बाळ झालं, आणि वजन उतरलं जेमतेम सव्वातीन किलो. ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्यानं मला बाहेर बाजूला घेऊन विचारलं, "काही राहिलं नाही ना आत?" राहिलं काहीच नव्हतं. सिझेरियनच्या वेळी आणि नंतर शिरेतून सलाइन दिलं होतं, त्याचं पाणी अंगात होतं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता. पहिल्या आठवड्यात पाय उलट जास्त सुजतात, आणि मग बाई रात्री घामाघूम होते, सारखी लघवीला जाते, आणि दुसऱ्या आठवड्यात ते पाणी निघून जातं. तिच्या वहीत पंधराव्या दिवशी ६२.६ लिहिलं आहे. अकरा दिवसांत अडीच किलो. काही न करता! पण लक्षात घ्या, ही चरबी नव्हे, पाणी होतं. हा वेग पुढे कधीच परत येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांच्या वेगावरून जी बाई पुढचा हिशेब बांधते, ती तिसऱ्या महिन्यात हमखास निराश होते.

पुढचा मुक्काम सव्वा महिन्याचा. आपल्या आज्यांनी हा सव्वा महिना कुठून काढला असेल ठाऊक नाही, पण शरीराचं घड्याळही तेच सांगतं. एक किलोचं गर्भाशय आठवड्यानं अर्धा किलोचं होतं, दोन आठवड्यांनी सुमारे ३०० ग्रॅमचं, आणि सहा आठवड्यांनी जवळपास मूळच्या वजनावर, शंभर ग्रॅमच्या आत येतं. वाढलेलं रक्त आणि पाणीही तोवर मार्गी लागतं. म्हणजे सव्वा महिन्यानंतर जे जास्तीचं वजन उरतं, ते काय असतं? छाती आणि ती शिदोरी. आपल्या या सूनबाईच्या हिशेबानं ६० च्या आसपास उरायला हवे होते. वहीत आहेत ६१. वाईट नाही. साडेबारापैकी साडेसात किलो गेले, पाच राहिले.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लिहून ठेवा. सव्वा महिन्यापर्यंत वजन उतरवायचा काही प्रयत्न करायचा नाही, आणि सव्वा महिन्याला वजन पूर्ववत व्हावं अशी अपेक्षाही ठेवायची नाही. वाढलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त गेलं असेल तर गाडी रुळावर आहे. खरा हिशेब त्या दिवशी सुरू होतो. त्या दिवशीचं वजन हे पहिलं वजन धरायचं.

आता लाडवांकडे येऊ. आज्या सावरून बसल्या बघा!

अंगावर दूध पाजणाऱ्या आईला जास्त खायला हवं, हे शंभर टक्के खरं. बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते तयार करायला आईला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीय बायकांसाठी हाच आकडा दिला आहे. पहिले सहा महिने दिवसाला ६०० जास्त, आणि पुढचे सहा महिने, बाळ वरचं खाऊ लागल्यावर, ५२० जास्त. घरात बेताचं काम करणाऱ्या बाईला एरवी साधारण १६६० कॅलरी लागतात. म्हणजे दूध पाजताना सव्वादोन हजारांच्या घरात.

आता ६०० कॅलरी म्हणजे किती? डिंकाचा एक बऱ्यापैकी लाडू, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा, तूप, गूळ, खोबरं, खारीक, बदाम घातलेला, हा २०० कॅलरींचा असतो. म्हणजे तीन लाडू झाले की दूधनिर्मितीचा सगळा कोटा संपला. पण आपल्या घरी काय होतं? सकाळी डिंकाचा लाडू, दहा वाजता हळिवाची खीर, दुपारी जेवणात तुपाची धार, चार वाजता मेथीचा लाडू, रात्री पुन्हा शिरा, "दूध येतं हो त्यानं". शिवाय आपण बडोदेकर. शेजारच्या गुजराती काकी प्रेमानं काटलूचा डबा पाठवतात, सुंठ आणि बत्तीस मसाल्यांचं, तेही गुळातुपातलंच. दोन्हीकडचा पाहुणचार एकाच बाळंतिणीच्या पोटात! हे सगळं जेवणाच्या जागी नसतं, जेवण सोडून असतं. इंदूरहून परत आली तेव्हा, म्हणजे तीन महिन्यांनी, वहीत काय होतं? ६२.५. सव्वा महिन्याला ६१ होतं ते दीड किलोनं वाढलं.

मी लाडवांच्या विरोधात नाही. हळिवात लोह चांगलं असतं, डिंकाच्या लाडवात सुका मेवा असतो, आणि मुख्य म्हणजे रात्री तीन वाजता पाजायला उठलेल्या मुलीला हाताशी काहीतरी लागतं. पण हे लाडू ज्या काळात ठरले त्या काळातली बाळंतीण अनेकदा अशक्त असायची, एकामागून एक बाळंतपणं व्हायची, आणि सव्वा महिना संपला की विहिरीचं पाणी, जातं, चूल तिची वाटच पाहत असायची. आजच्या मुलीचं वजन आधीच नीट असेल तर दिवसाला एक लाडू पुरे. आणि तूप, गूळ घालून दूध वाढत नाही. दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्यानं. जितकं रिकामं होईल तितकं भरतं. लाडू आईच्या कमरेवर जातो, दुधात उतरत नाही.

आता दुसऱ्या बाजूची चूक. ती जास्त महागात पडते, म्हणून तिथं थोडं थांबते.

इंदूरहून परतल्यावर पंधरा दिवसांत एक हळदीकुंकू होतं. आपल्यातल्याच कुणीतरी तिला म्हटलं, "अगोबाई, किती सुटलीस गं!" म्हणणारी प्रेमानंच म्हणाली असेल. पण ही मुलगी घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं जेवण तोडलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध, दुपारी एक वाटी वरण आणि काकडी, रात्री सूप. मी नंतर हिशेब केला, दिवसाला हजार कॅलरीही भरत नव्हत्या. काट्यावर मात्र बहार! तीन आठवड्यांत ६२.५ वरून ६०.१. सगळे कौतुक करायला लागले.

चौथ्या महिन्याच्या लशीला बाळ आलं. वजनाचं कार्ड पाहिलं. जन्माला २.९, तिसऱ्या महिन्याला ५.६, अगदी छान. आणि चौथ्या महिन्याला ५.८. महिन्याभरात फक्त २०० ग्रॅम. या वयात पाचशेच्या आसपास तरी वाढायला हवं. मी विचारलं, दिवसभरात किती लंगोट ओले होतात? सहा किंवा जास्त व्हायला हवेत. ती म्हणाली, "चार. पण बाळ सारखं रडतं, छातीशीच असतं." तिला चक्कर येत होती, भांग विंचरला की हातभर केस येत होते. केस गळण्याचा दोष सगळा उपासमारीचा नव्हे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक सगळ्यांचेच केस गळतात, गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात ते एकदम गळतात, आणि वर्षाच्या आत परत येतात. पण चक्कर आणि बाळाचं अडलेलं वजन, हे मात्र तिच्या सूपचं काम होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. थोडं कमी खाल्लं म्हणून लगेच दूध आटत नाही. शरीर आधी शिदोरी काढतं, आणि ती काढण्यासाठीच ठेवलेली आहे. पण एकदम तोडलं, हजाराच्या खाली गेलं, पाणीही कमी प्यायलं, तर काही जणींचं दूध कमी होतं आणि आईची हाडं, रक्त दोन्ही झिजतात. म्हणून माझा नियम असा आहे : पाजणाऱ्या आईनं १८०० कॅलरींच्या खाली उतरायचं नाही, आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू द्यायचं नाही. काट्यावरचा आकडा त्याहून वेगानं उतरत असेल तर तो आनंदाचा विषय नव्हे, जेवण वाढवायचा इशारा आहे.

मग आम्ही तिचं जेवण पुन्हा मांडलं. सांगते, कारण घरी जाऊन तुम्ही हेच विचारणार. सकाळी एक पेला दूध आणि एक लहान हळिवाचा लाडू. न्याहारीला थालीपीठ किंवा मुगाची धिरडी, सोबत दही. दुपारी तीन पोळ्या, भाजी, घट्ट वरण, कोशिंबीर, चार घास भात. चार वाजता मूठभर फुटाणे आणि एक फळ. रात्री दोन भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एखादी पालेभाजी. झोपताना पुन्हा दूध. हे साडेएकोणीसशेच्या आसपास जातं. उपाशी कुणी राहत नाही. सव्वादोन हजारांपेक्षा मात्र तीनशे कमी. बंद काय केलं? दुसरा-तिसरा लाडू, चहासोबतचा चेवडा आणि शेव, आणि शिऱ्यावरची तुपाची धार. बस.

आता गणित करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज तीनशे कमी म्हणजे महिन्याला नऊ हजार. कागदावर महिन्याला सव्वा किलो उतरायला हवं. खऱ्या आयुष्यात तेवढं उतरत नाही. मधे बारसं येतं, दिवाळी येते, बाळ आजारी पडतं, रात्रभर जागरण झालं की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते. म्हणून कागदावरच्या निम्मं धरा. वहीत पाहा. जेवण पूर्ववत केल्यावर आधी वजन थोडं वाढलं, पाचव्या महिन्याला ६०.८. हे ठरलेलंच होतं, उपासमारीत गेलेलं पाणी परत आलं. मग सहाव्या महिन्याला ६०.३. आठव्याला ५९.३. दहाव्याला ५८.४. वाढदिवसाला ५७.७. सात महिन्यांत तीन किलो, महिन्याला अर्धा किलोसुद्धा नाही. आणि बाळ? लगेचच्या महिन्यात साडेसहाशे ग्रॅम वाढलं, आणि मग मागे वळून पाहिलं नाही.

म्हणजे वर्षाच्या शेवटी ती मूळच्या वजनापेक्षा पावणेदोन किलो जास्तच होती. याला मी पास म्हणते, तेही पहिल्या वर्गात. बऱ्याच बायका वर्षाच्या शेवटी एक-दोन किलो जास्तच असतात. काही जणी पूर्ववत होतात, काही सहा महिन्यांतच होतात. पण वर्ष झाल्यावरही पाच किलो किंवा जास्त राहिले असतील, तर मात्र त्याकडे पाहायला हवं. कारण दुसऱ्या बाळंतपणाची सुरुवात त्या पाच किलोंवरून होते, मग त्यावर पुन्हा पाच. चाळिशीतली साखर आणि रक्तदाब अशाच दोन-तीन पायऱ्या चढून येतात. गरोदरपणात जिला साखर निघाली होती, तिनं सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करून घ्यायचीच, वजन उतरलं असलं तरी. आणि पुढेही अधूनमधून. ही तपासणी बाळाच्या गडबडीत हटकून राहते.

सहाव्या महिन्यानंतरचा एक सापळा सांगते. बाळाचं उष्टावण होतं, वरचं सुरू होतं, दूध हळूहळू कमी लागतं. आईची भूक मात्र जुनीच राहते. शिवाय वाटीतली उरलेली खिमटी, अर्धं केळं, दोन चमचे शिरा, "टाकायचं कशाला" म्हणून आईच्याच तोंडात. दिवसाला दीडशे-दोनशे कॅलरी अशा जातात. आणि ज्या दिवशी अंगावरचं दूध पूर्ण बंद होतं, त्या दिवशी ते जास्तीचं खाणंही बंद व्हायला हवं. ज्यांनी पाजलं नाही किंवा लवकर थांबवलं, त्यांनी लाडवांचा हिशेब पहिल्यापासूनच वेगळा ठेवायचा. पाजल्यानं आपोआप बारीक होतं, यावरही फार भिस्त ठेवू नका. काहींना मदत होते, काहींचं वजन पाजणं थांबेपर्यंत जागचं हलत नाही. दोन्ही नैसर्गिक आहे.

चालण्याबद्दलही खरं सांगते. अर्धा तास चालल्यावर शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे अर्धा लाडू. त्यानं वजन फारसं उतरत नाही, पण मन ताजं राहतं, झोप बरी लागते, उतरलेलं वजन टिकतं. साध्या बाळंतपणानंतर घरातल्या घरात चालणं लगेच सुरू करता येतं. सिझेरियन असेल तरी चालायचं, पण जड उचलणं आणि जोराचा व्यायाम सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून.

आणि पोट. आपल्या सूनबाईनं वाढदिवसाला विचारलं, "वजन तर आलं, मग जुना ब्लाउज आणि कुर्ता का बसत नाही?" कारण पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब जातात. पाहायचं असेल तर उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं जरा उचला, आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली तर ते चरबीचं काम नव्हे, स्नायूंचं आहे. उपास करून ती फट भरत नाही. उठाबशांसारखे पोटाचे जोराचे व्यायाम तर उलट त्रास देतात. फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि खालच्या पोटाचे हलके व्यायाम शिकून घ्या. पोट जुन्या लुगड्यानं बांधायची आपली पद्धत आहे. हलकं बांधलं तर चालताना, खोकताना आधार मिळतो, पण त्यानं पोट आत जात नाही, आणि करकचून बांधलं तर खालच्या भागावर ताण येतो. छाती, कंबर, पावलंसुद्धा काहींची थोडी बदलतात. काटा जुन्या आकड्यावर आला तरी शरीर जुन्या आकारात येईलच असं नाही.

काट्याबद्दल दोन वाक्यं. एकच काटा, आठवड्यातून एकच दिवस, सकाळी उठल्यावर. दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांत किलोभराचा फरक सहज असतो. रोज वजन करू नका. आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यानं किंवा पाळी सुरू होण्याआधीही एक किलो वर-खाली होतं, आणि त्यावरून कुणी जेवण सोडू नये.

आता वही कधी बाजूला ठेवून डॉक्टरकडे यायचं, तेवढं ऐका. पहिल्या सहा आठवड्यांत एकाएकी चेहरा, हात सुजले, डोकं सणकून दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वजनाचा विचार न करता लगेच रक्तदाब तपासा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, तर त्याच दिवशी या. आणि तिसरी गोष्ट, जी नेहमी निसटते. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं. आधी, एक ते चार महिन्यांच्या दरम्यान, वजन भराभर उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, आणि घरचे म्हणतात "छान बारीक झाली". मग चार ते आठ महिन्यांच्या सुमारास उलट होतं. वजन वाढतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, दिवसभर मरगळ. तेव्हा घरचे म्हणतात "आळशी झाली". टीएसएचची एक साधी रक्ततपासणी असते. नीट जेवूनही वजन उलटं धावत असेल, तर ती करून घ्या. तसंच जेवणच नको वाटणं, किंवा सारखं खावंसं वाटणं, सोबत रडू येणं, बाळाकडे पाहून काहीच न वाटणं, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तो वजनाचा प्रश्न नाही, मनाचा आहे. त्यालाही औषध आहे.

शेवटी त्या सूनबाईची एक गोष्ट. वाढदिवसाला वही माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "डॉक्टर, यात एक आकडा मी लिहिला नाही. हळदीकुंकवाच्या दिवशीचा." मी विचारलं, का? म्हणाली, "त्या दिवशी सकाळी ६२.५ होतं, पण संध्याकाळी मला ते शंभर वाटत होतं."

आज संध्याकाळी आरतीला सुना-लेकी बाळांना घेऊन येतील. कुणाचं बाळ दोन महिन्यांचं असेल, कुणाचं आठ. प्रसाद द्या, बाळाला मांडीवर घ्या म्हणजे तिला दोन घास निवांत खाता येतील. विचारायचंच असेल तर "झोप मिळते का गं?" एवढं विचारा. तिच्या वजनाचा हिशेब ती करतेच आहे.